पहिला अवघड दिवस आणि गिब्जचं चक्र: वॉर्डमधल्या वीस मिनिटांवर निबंध कसा लिहायचा

ब्रिटनमध्ये नर्सिंग शिकायला गेलेल्या आपल्याकडच्या मुलामुलींना पहिल्या वर्षी एक असाइनमेंट हमखास येते. प्लेसमेंटमधला, म्हणजे प्रत्यक्ष वॉर्डमधला, एक प्रसंग घ्या आणि गिब्जचं चक्र वापरून दीड हजार शब्दांत त्यावर चिंतन लिहा. शरीररचनेचा पेपर यांना अवघड जात नाही, पण इथे पेन अडतं. मग शाळेत गिरवलेला ‘माझा अविस्मरणीय दिवस’ मदतीला धावून येतो. सकाळी साडेसहाची बस, धडधडतं काळीज, साडेसातचं हँडओव्हर, प्रेमळ सिस्टर, एक रडणारी आजी, रात्री आठला दुखणारे पाय आणि शेवटी ‘मला खूप काही शिकायला मिळालं.’ असे निबंध मी पुष्कळ वाचले आहेत. ते खोटे नसतात. पण त्यात ज्याला गुण द्यायचे असं तपासणाऱ्याला फारसं काही सापडत नाही.

हे चक्र ग्रॅहम गिब्ज यांनी 1988 साली ‘लर्निंग बाय डूइंग’ या पुस्तकात मांडलं. गिब्ज नर्स नव्हते. ऑक्सफर्ड पॉलिटेक्निकमध्ये, म्हणजे आताच्या ऑक्सफर्ड ब्रुक्स विद्यापीठात, ते शिकवण्याच्या पद्धतींवर काम करत. अनुभवातून माणूस शिकतो कसा, याबद्दल डेव्हिड कोल्ब यांचं चक्र आधीपासून होतं. गिब्ज यांनी त्याला प्रश्नांची उतरंड दिली. काय घडलं? तेव्हा काय वाटलं? त्यात चांगलं काय आणि वाईट काय झालं? असं का झालं? त्यातून काय कळलं? आणि पुन्हा असं झालं तर काय करीन? पाठ्यपुस्तकांत यांना डिस्क्रिप्शन, फीलिंग्ज, इव्हॅल्युएशन, अॅनालिसिस, कन्क्लुजन आणि अॅक्शन प्लॅन म्हणतात. मूळ मांडणीत निष्कर्षाचे दोन भाग होते, एक सर्वसाधारण आणि एक फक्त आपल्यापुरता. पुढे नर्सिंगच्या पुस्तकांनी ते दोन एकत्र केले आणि सहा घरांचं वर्तुळ रूढ झालं. मला स्वतःला जुनी दोन भागांची मांडणी जास्त उपयोगी वाटते. त्याचं कारण निष्कर्षाशी आल्यावर सांगेन.

सहाही घरं भरली म्हणजे निबंध झाला, हा पहिला गैरसमज. दीड हजार शब्द सहा घरांत सारखे वाटले, तर प्रत्येकाच्या वाट्याला अडीचशे येतात आणि निबंध तिथेच सपाट होतो. माझ्या हिशेबाने प्रसंगाला दोनशे शब्द पुरतात आणि भावनांना दीडशे. बऱ्यावाईटाच्या हिशेबाला दोनशे द्यावेत. ‘का’ या एका प्रश्नाला मात्र साडेपाचशे-सहाशे हवेत. उरलेले निष्कर्ष आणि योजना यांत वाटून टाकावेत. गुण ‘का’मध्ये असतात. तिथे सहाशे शब्द लिहिण्याजोगं काही हाती लागायचं, तर प्रसंग लहान निवडावा लागतो. साडेबारा तासांची शिफ्ट ‘का’मध्ये मावत नाही. पाच-दहा मिनिटांची एखादी घटना, फार तर अर्ध्या तासाची, मावते. घटना निवडायची खूण साधी आहे. आपण एक करू शकलो असतो आणि दुसरंच केलं, अशी एखादी जागा त्यात असली पाहिजे. रुग्ण दगावला, आपण नुसते उभे होतो आणि रडू आलं, हा प्रसंग मनाला मोठा असतो. पण त्यात आपला काहीच निर्णय नसेल, तर ‘का’शी येऊन लेखणी थांबते.

आता एक प्रसंग घेऊन सगळं चक्र फिरवून बघू. तो मी समजावण्यासाठी रचला आहे, पण वॉर्डमध्ये काम केलेल्या कोणालाही तो ओळखीचा वाटेल.

वृद्धांचा मेडिकल वॉर्ड आहे आणि पहिल्या वर्षाच्या विद्यार्थिनीचा पहिला दिवस. सकाळी नऊच्या सुमारास हेल्थकेअर असिस्टंटबरोबर ती सहा खाटांच्या एका बेमध्ये ‘ऑब्ज’ घेते आहे. ऑब्ज म्हणजे रक्तदाब, नाडी, ताप, ऑक्सिजन, श्वासांची गती आणि रुग्ण शुद्धीवर कितपत आहे त्याची नोंद. तीन रुग्ण होतात. मग असिस्टंटला शेजारच्या खोलीत मदतीला बोलावतात आणि चौथ्या रुग्णाशी ही एकटी उरते. छातीत संसर्ग झालेल्या वयस्कर बाई आहेत. निबंधात त्यांना ‘मिसेस के’ म्हणू. मशीन नाडी 104 दाखवतं, ऑक्सिजन 94, रक्तदाबाचा वरचा आकडा 118. ताप 38.2. श्वास मशीन मोजत नाही, ते घड्याळ लावून आपणच मोजायचे. ती पंधरा सेकंद मोजते, सात श्वास भरतात. चारने गुणून 28. चार्टवर पहाटे पाचच्या रकान्यात 18 लिहिलेलं आहे. तिला वाटतं, आपलंच चुकलं. श्वासाची जागा ती रिकामी ठेवते आणि पाचव्या रुग्णाकडे जाते. तिची प्रॅक्टिस सुपरव्हायझर, म्हणजे तिच्यावर देखरेख ठेवणारी नर्स, दहा पावलांवर औषधांच्या ट्रॉलीशी उभी आहे. अंगात लाल अॅप्रन आहे आणि त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलंय: औषधं देत आहे, व्यत्यय आणू नका. वीस मिनिटांनी राउंड आटोपून ती चार्ट बघते, रिकाम्या जागेबद्दल विचारते, स्वतः पूर्ण मिनिट श्वास मोजते. 28. लगेच डॉक्टरांना बोलावलं जातं, रक्ताच्या तपासण्या होतात, अँटिबायोटिक बदलतं. मिसेस केंना अतिदक्षता विभागात हलवावं लागत नाही.

डिस्क्रिप्शन एवढंच. यात बस नाही, हँडओव्हर नाही, वॉर्डच्या भिंतींचा रंग नाही. जे पुढे ‘का’मध्ये लागणार आहे तेवढंच घेतलंय: 28, 18, रिकामी जागा, लाल अॅप्रन, दहा पावलं, वीस मिनिटं. आधी ‘का’ मनात फिरवून बघावा आणि मग वर्णन लिहावं, म्हणजे काय ठेवायचं ते आपोआप कळतं. वर्णनाची भाषा कोरडी असू द्या. ‘दुर्दैवाने’, ‘सुदैवाने’, ‘धक्कादायक’ असे शब्द इथे आले, की भावना आणि मूल्यमापन आपली जागा सोडून आधीच आत शिरले असं समजायचं.

नावांबद्दल इथेच सांगून टाकतो, कारण गुण कापले जाण्याची ही सगळ्यात सोपी जागा आहे. ब्रिटनमध्ये नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलची जी आचारसंहिता आहे, तिच्या पाचव्या कलमानुसार रुग्णाची गोपनीयता राखावी लागते. म्हणून नाव बदलायचं आणि ते बदलल्याचं एका वाक्यात सांगायचं. एवढ्याने भागत नाही. हॉस्पिटलचं नाव, वॉर्डचा क्रमांक, तारीख, रुग्णाचं नेमकं वय, दुर्मिळ आजार, यांतलं काहीही माणूस ओळखू आणून देऊ शकतं. सुपरव्हायझरचं नावही लिहायचं नाही. चार्टचा फोटो परिशिष्टात जोडायचा, हा विचार तर मनातसुद्धा आणू नका. फोटो काढणं हाच मुळात गोपनीयतेचा भंग धरला जातो.

भावनांच्या घरात बहुतेक जण एक ओळ लिहितात: ‘मला खूप भीती वाटली आणि अपराधी वाटलं.’ हे खरं असतं, पण कोणत्या क्षणाला काय वाटलं ते त्यातून कळत नाही. वीस मिनिटं उलगडून क्षणाक्षणाला विचारत गेलं, की वेगळंच काही बाहेर येतं. श्वास मोजताना तिला गोंधळल्यासारखं झालं. चार्टवरचा 18 बघून स्वतःचीच लाज वाटली. लाल अॅप्रन दिसला तेव्हा संकोच वाटला. आणि जागा रिकामी ठेवून पुढच्या खाटेकडे वळताना? प्रामाणिकपणे आठवलं तर तेव्हा भीती नव्हती. सुटल्यासारखं वाटलं होतं. भीती आली ती वीस मिनिटांनी, सुपरव्हायझरने घड्याळ हातात घेतल्यावर.

ही ‘सुटल्यासारखं वाटलं’ची नोंद निबंधात सोन्यासारखी आहे. आपल्याला शोभून दिसेल अशी भावना लिहायचा मोह सगळ्यांना होतो आणि अपराधीपणा शोभून दिसतो. सुटका वाटणं शोभत नाही. पण ती विद्यार्थिनी 28 हा आकडा मागे ठेवून पुढे का गेली, याचं अर्धं उत्तर त्या सुटकेत आहे. रिकामी जागा म्हणजे चुकीचा आकडाही नाही आणि कोणाला जाऊन सांगणंही नाही. दोन्ही अवघड गोष्टी टळल्या. अशी एखादी न शोभणारी भावना सापडेपर्यंत हे घर सोडू नये, असं मी विद्यार्थ्यांना सांगत असतो. आणि तीच भावना पुढे ‘का’मध्ये कामाला लावायची. भावना इथेच मांडून पुढे तिचा उल्लेखच आला नाही, तर ते दीडशे शब्द वाया गेले.

यानंतरचं इव्हॅल्युएशन आणि त्याच्या पुढचं अॅनालिसिस ही दोन घरं जवळजवळ सगळ्यांच्या निबंधांत एकमेकांत मिसळतात. फरक एवढाच की पहिल्यात निवाडा द्यायचा आणि दुसऱ्यात कारण शोधायचं. इव्हॅल्युएशनमध्ये ‘कारण’, ‘म्हणून’, ‘त्यामुळे’ असे शब्द वरचेवर यायला लागले, तर आपण पुढच्या घरात शिरलो आहोत. मिसेस केंच्या बाबतीत निवाडा छोटा आहे. आकडा बरोबर मोजला गेला होता, हे चांगलं. खोटा आकडा लिहिला नाही, हेही चांगलं, आणि ते स्पष्ट लिहायला लाजू नये. चार्टवरचा 18 उचलून पुढच्या रकान्यात उतरवणं अगदी सोपं होतं. तसं केलं असतं, तर ती नुसती चूक राहिली नसती, नोंद बनावट ठरली असती आणि आचारसंहितेचं दहावं कलम त्याला सरळ मनाई करतं. वाईट हे की रिकामी जागा कोणाला सांगितली नाही, पुन्हा मोजलं नाही आणि वीस मिनिटं गेली. नंतर सुपरव्हायझरने विचारल्यावर तिने आपल्याला 28 मिळाले होते हे लपवलं नाही, हे पुन्हा चांगल्या बाजूला. हिशेब दोन्हीकडे लिहायचा. सगळं आपलंच चुकलं असा सूर लावला, तर नम्रपणा दिसतो, पण निवाडा दिसत नाही.

खोटा आकडा लिहून झालाच असता तर? तर ती गोष्ट पहिल्यांदा निबंधात उघड करायची नाही. आधी सुपरव्हायझरला किंवा विद्यापीठातल्या आपल्या अॅकॅडमिक असेसरला सांगायची, चार्ट दुरुस्त होईल असं बघायचं आणि मगच त्यावर लिहायचं. निबंध तपासणाऱ्याच्या हातात रुग्णाच्या सुरक्षिततेची एखादी गोष्ट पडली, तर त्याला ती पुढे कळवावीच लागते. निबंध म्हणजे कबुलीजबाब देण्याची खासगी जागा नाही.

आता ‘का’. इथे पहिला मसुदा साधारण असा येतो: माझा आत्मविश्वास कमी होता, अनुभव नव्हता, वॉर्ड गडबडीत होता, म्हणून मी बोलले नाही. तिन्ही कारणं खरी असतील. पण ती कुठल्याही विद्यार्थ्याच्या कुठल्याही चुकीला चिकटवता येतात आणि त्यामुळे काहीच उलगडत नाही. अॅनालिसिस म्हणजे आपण स्वतःला दिलेलं कारण तपासून बघणं. ते टिकतंय का?

तिने स्वतःला दिलेलं कारण होतं: ‘मोजण्यात माझंच चुकलं असेल.’ ते आकड्यांवर तपासू. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं, तर एका श्वासाची चूक चार श्वासांची होते. सातऐवजी खरे सहा असतील तर गती 24, आठ असतील तर 32. म्हणजे या पद्धतीत घोळ होऊ शकतो, ही शंका रास्त आहे, आणि म्हणूनच पूर्ण मिनिट मोजायला शिकवतात. पण 18 यायला पंधरा सेकंदांत साडेचार श्वास असायला हवेत. सात आणि साडेचार यांत एका श्वासाचा फरक नाही. आता न्यूज-टू बघू. रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने 2017 मध्ये सुधारून आणलेली ही गुणपद्धत आहे. रुग्ण बिघडतो आहे का हे लवकर ओळखण्यासाठी ती इंग्लंडमधल्या वॉर्डांत वापरतात. प्रत्येक नोंदीला शून्य ते तीन गुण असतात. श्वास 12 ते 20 असतील तर शून्य, 21 ते 24 असतील तर दोन, 25 किंवा जास्त असतील तर तीन. मिसेस केंच्या नाडीचा एक गुण, ऑक्सिजनचा एक, तापाचा एक, रक्तदाब आणि शुद्धीचे शून्य. श्वास 18 धरले तर बेरीज तीन राहते. 28 धरले तर सहा. पाचला पोचलं की नर्सने डॉक्टरांना तातडीने कळवायचं असा नियम आहे. आणि तिची एक श्वासाची चूक झाली होती असं मानून 24 धरले, तरी बेरीज पाच होते.

म्हणजे ती चुकली असती तरी सांगायला हवंच होतं. ‘माझं चुकलं असेल’ हे कारण आकड्यांपुढे टिकत नाही. मग तिला अडवलं ते दुसऱ्याच कशाने तरी. अॅनालिसिसला खरी सुरुवात इथे होते, आणि तपासणाऱ्याला हेच वळण बघायचं असतं. संदर्भ द्यायचा तोही असा, एखाद्या विचाराचं वजन पेलणारा. न्यूज-टूचा संदर्भ इथे हिशेब उभा करतो. तोच संदर्भ ‘निरीक्षणं महत्त्वाची असतात’ या वाक्यामागे लावला असता, तर नुसती शोभा झाली असती.

मग अडवलं कशाने? एक कारण विद्यापीठातल्या स्किल्स लॅबमध्ये सापडतं. तिथे ती श्वास मोजायला शिकली ती वर्गमैत्रिणींवर, सगळ्या निरोगी विशी-बाविशीतल्या. तिच्या हातून आजवर चौदा, सोळा, फार तर अठरा असेच आकडे आले होते. आजारी माणसाची वेगवान छाती तिने कधी मोजलीच नव्हती. त्यामुळे 28 आले तेव्हा तिला रुग्ण बिघडल्याची शंका आली नाही, स्वतःच्या मोजण्याची आली. चार्टवरच्या 18 ने तीच शंका पक्की केली. पण तो आकडा चार तास जुना होता. तेव्हा तो खरा असेलही, पण नऊ वाजताच्या छातीबद्दल तो काही सांगत नव्हता. शिवाय श्वास हीच अशी नोंद आहे जी अनेकदा न मोजता अंदाजाने लिहिली जाते, कारण बाकीचे आकडे मशीन देतं. पहाटेचा 18 तसा होता असं मात्र निबंधात लिहायचं नाही. ते तिला ठाऊक नाही. तिला एवढंच म्हणता येईल की छापील दिसणाऱ्या आकड्यावर तिने स्वतःच्या डोळ्यांपेक्षा जास्त विश्वास टाकला.

दुसरं कारण लाल अॅप्रन. तो घालायचा हेतू चांगला आहे. औषधं देताना लक्ष विचलित झालं की चुका होतात. पण तातडीची गोष्ट या नियमातून वगळलेली असते, हे अनुभवी नर्सला न सांगता कळतं आणि पहिल्या दिवशीच्या मुलीला कोणी सांगितलेलं नसतं. आपली मुलं इथे चटकन लिहितात, ‘माझ्या संस्कृतीत मोठ्यांना मधेच टोकत नाहीत.’ या वाक्यापाशी मी नेहमी थांबायला लावतो. त्यात तथ्य असू शकतं. मोठी माणसं कामात असली की आपण दाराशी उभे राहतो, हे घराघरातलं आहे. पण हे कारणही वरच्यासारखंच तपासायला हवं. त्याच सकाळी त्याच मुलीने असिस्टंटला, तीही वयाने मोठीच, तीनदा शंका विचारल्या होत्या. म्हणजे मोठ्यांना विचारायचंच नाही असं काही तिच्या आड आलं नव्हतं. असिस्टंट मोकळी दिसत होती, सुपरव्हायझर अॅप्रनमध्ये होती. आणि असिस्टंटला विचारायचा होता प्रश्न, सुपरव्हायझरला सांगावी लागली असती बातमी. प्रश्न चुकला तर आपण फक्त नवखे ठरतो. बातमी चुकली तर सगळ्यांसमोर उगाच धावपळ केल्यासारखं होतं. त्या सुटकेच्या भावनेची मुळं इथे आहेत. संस्कृतीचं नाव घेऊन थांबली असती, तर ती इथवर पोचलीच नसती.

थोडं वॉर्डबद्दलही लिहायला हरकत नाही. शिकाऊ विद्यार्थ्याला सुपरन्युमररी म्हणतात, म्हणजे मनुष्यबळाच्या मोजणीत तो धरला जात नाही आणि देखरेखीखाली शिकतो. असिस्टंटला दुसरीकडे जावं लागलं आणि विद्यार्थिनी एकटी उरली, ही तिची चूक नव्हे. या चक्राची एक मर्यादाच अशी आहे की सगळे प्रश्न ‘मी’ला विचारलेले असल्यामुळे सगळी कारणंही ‘मी’मध्येच शोधली जातात. तरी वॉर्डवर दोन-तीन वाक्यं बस्स. तक्रार वाटेल एवढी नकोत.

आणखी एक सापळा. 28 खरे निघाले हे आता आपल्याला माहीत आहे. त्यामुळे ती वीस मिनिटं आता भयंकर वाटतात आणि आपण लिहून जातो, ‘मला तेव्हाच कळायला हवं होतं.’ नऊ वाजता तिच्यापुढे काय काय होतं, तेवढ्यावरच विश्लेषण उभं राहायला हवं. तिच्यापुढे चार आकडे होते, न्यूज-टूचा तक्ता होता आणि स्वतःचं घड्याळ होतं. तेवढ्यावरही ‘सांगायला हवं होतं’ हे सिद्ध होतं, हे आपण वर पाहिलंच. श्वास पुन्हा मोजल्यावर 18 निघाले असते, तरी हे विश्लेषण तसंच उभं राहिलं असतं. आपला ‘का’ भक्कम झाला की नाही, याची ही चांगली चाचणी आहे: शेवट उलटा करून बघायचा.

निष्कर्षाच्या दोन भागांबद्दल आता. सर्वसाधारण निष्कर्ष असा: नोंदीबद्दल शंका असणं हीच एक माहिती आहे आणि ती सांगायला आकडा पक्का होईपर्यंत थांबायचं नसतं. हा कोणत्याही नर्सला लागू पडतो. आपल्यापुरता निष्कर्ष असा: माझा आकडा आणि चार्टवरचा आकडा जुळला नाही, की मी चार्टवर विश्वास ठेवते, आणि बातमी सांगायची वेळ आली की मी टाळाटाळ करते. हा फक्त तिचा आहे. दोन्ही एकत्र केले, की बहुतेक वेळा पहिलाच उरतो, कारण तो लिहायला सोपा आणि दिसायला शहाणा असतो. दुसरा गळून जातो. आणि अॅक्शन प्लॅन तर दुसऱ्यावरच उभा राहायचा असतो.

योजनेत ‘मी आत्मविश्वास वाढवीन’, ‘मी संवादकौशल्य सुधारीन’ अशी वाक्यं दिसली, की मी शेजारी लिहितो: हे झालं की नाही ते कसं कळणार? मिसेस केंच्या प्रसंगातून निघणारी योजना साधारण अशी असेल. पुढच्या दोन आठवड्यांत प्रत्येक शिफ्टमध्ये निदान एका आजारी रुग्णाचे श्वास पूर्ण मिनिट मोजायचे. मोजताना बोटं मनगटावर नाडीवरच ठेवायची, म्हणजे श्वास मोजले जाताहेत हे रुग्णाला कळत नाही आणि त्याची लय बदलत नाही. त्याच वेळी सुपरव्हायझरनेही मोजायचं आणि दोन्ही आकडे ताडून बघायचे. शिफ्टच्या सुरुवातीलाच तिला विचारून ठेवायचं, ‘तुम्ही औषधांच्या राउंडमध्ये असताना मला काही तातडीचं वाटलं, तर कोणाला सांगू?’ हा प्रश्न आधी विचारून ठेवला, की ऐन वेळी टोकण्याची परवानगी हातात असते. आणि बातमी सांगायचं एक वाक्य पाठ करून ठेवायचं.

त्या वाक्याला तिथे एसबार नावाचा साचा वापरतात: आत्ता काय झालंय, रुग्ण कोण आणि कशासाठी दाखल आहे, मला काय वाटतं, मला तुमच्याकडून काय हवंय. मिसेस केंसाठी ते वाक्य असं झालं असतं: ‘चौथ्या खाटेवरच्या बाईंचे श्वास मी 28 मोजले, पहाटे 18 होते. छातीच्या संसर्गासाठी त्या दाखल आहेत, तापही आहे. माझं मोजणं चुकलं असेल, पण 28 धरले तर न्यूज सहा होतोय. तुम्ही आत्ता येऊन मोजाल का?’ सांगायला पंधरा सेकंद लागतात. यातलं ‘माझं मोजणं चुकलं असेल’ हे वाक्य मुद्दाम ठेवलंय. शंका लपवून बोलायचं नाही, शंकेसकट बोलायचं. नवख्या विद्यार्थ्याकडून कोणीही एवढीच अपेक्षा करतं.

योजनेतल्या प्रत्येक ओळीपुढे तारीख आणि ते कोण बघणार हे लिहायचं, आणि प्लेसमेंटच्या मधल्या मुलाखतीत सुपरव्हायझरपुढे तो कागद ठेवायचा. निबंधात सहा घरांचे मथळे द्यायचे की नाही, हे मॉड्यूलच्या सूचनांत बघा. काही ठिकाणी ते हवे असतात, काही ठिकाणी सलग लेखन मागतात. सलग लिहायचं असेल, तर आधी मथळे टाकून लिहा आणि शेवटी ते खोडा. खोडल्यावर दोन परिच्छेदांमधली सीमा कुठे होती हे वाचणाऱ्याला सांगता आलं नाही, तर बहुधा इव्हॅल्युएशन आणि अॅनालिसिस पुन्हा एकमेकांत मिसळले आहेत. तिथे परत जाऊन ‘कारण’ आणि ‘त्यामुळे’ कुठे कुठे आलेत ते मोजा.